विषय: अमेरिकी व्हिसासाठी काढलेला फोटो नियमात न बसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फोटो स्टुडिओ, कोथरूड शाखा, पुणे

महोदय,

तुमच्या शाखेत वडिलांचा अमेरिकी व्हिसासाठी फोटो काढला. काउंटरवर "अमेरिका, 2 बाय 2 इंच" असं स्पष्ट सांगितलं होतं, बिलावरही तसंच लिहिलंय. तरीही दिलेला फोटो वापरता येण्यासारखा नाही.

मूळ चूक मापाची आहे. तुमच्या कर्मचाऱ्याने शेंगेन व्हिसाला चालतो तसा 35 बाय 45 मिलिमीटरच्या चौकटीत फोटो काढला आणि नंतर तोच ताणून 51 बाय 51 चा चौरस केला. त्यामुळे चेहरा उंचीपेक्षा रुंदीत सुमारे 29 टक्के जास्त ताणला गेला. वडील ओळखूही येत नाहीत. पट्टी लावून मोजलं तर हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत 37 मिलिमीटर भरतात. अमेरिकेच्या नियमात हे अंतर 25 ते 35 मिलिमीटर लागतं, म्हणजे फोटोच्या उंचीच्या 50 ते 69 टक्के.

फोन केला तेव्हा "दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी जोडून देतो" असं उत्तर मिळालं. त्याने चेहरा ताणलेला दिसणार नाही, पण माप सुधारणार नाही. मूळ फोटोत 45 पैकी 33 मिलिमीटर डोकंच आहे, म्हणजे 73 टक्के. शिवाय खांदे दोन्हीकडे कापलेले दिसतील ते वेगळंच. फोटो काढतानाच डोक्याभोवती भरपूर जागा सोडायला हवी होती. कापून लहान करता येतं, न टिपलेलं नंतर आणता येत नाही.

चष्म्याचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2016 पासून अमेरिकी व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही, काच कितीही स्वच्छ असो. कर्मचाऱ्याने चष्मा तसाच ठेवून काचेवरची चमक संगणकावर पुसली. चेहऱ्यावर अशी दुरुस्ती केलेला फोटोही नियमात बसत नाही.

पार्श्वभूमी पांढरी आहे, पण तीही सॉफ्टवेअरने बदललेली. वडील भिंतीला अगदी चिकटून बसले होते, म्हणून मागे सावली पडली. ती काढताना उजव्या कानाची कड आणि पांढरे केस उडाले. खुर्ची भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घेऊन दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश दिला असता तर पुसायची वेळच आली नसती.

आमची मागणी अशी: चष्म्याशिवाय, खऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर नवा फोटो विनामूल्य काढून द्यावा. छापील प्रतींसोबत अर्जासाठीची फाइलही हवी: जेपीईजी, चौरस, 600 ते 1200 पिक्सेल, 240 केबीच्या आत. हे आठ दिवसांत जमणार नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. वडिलांना पुन्हा जिने चढायला लावणार आहोत, तेव्हा या वेळी प्रिंट देण्याआधी पट्टीने मोजून दाखवा.

बिलाची आणि फोटोची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक