ताईंची ओळख करून देण्याआधी: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्रामसंघाच्या बचत-कर्जाच्या सभेला आपण येणार आहात, असा निरोप आला. अध्यक्षताईंची ओळख मी करून द्यायची आहे. मी ग्रामसंघाची लिपिका; ताईंच्या गटाची वही पहिल्यापासून माझ्याच हातची. ओळखीसाठी नमुना भाषण आलं आहे. त्यात ‘चूल आणि मूल यातून बाहेर पडलेल्या’ असं बरंच आहे, पण ताईंनी केलेलं एकही काम नाही. मी ते वाचणार नाही. जे सांगणार आहे, ते आपल्याला आधीच कळवते.

पहिली गोष्ट व्याजाची. गटात कर्जाला महिना दोन टक्के व्याज ठरलेलं होतं, पण ते मूळ रकमेवर लावलं जायचं. म्हणजे एखादीने 12,000 रुपये घेतले आणि दरमहा हजार फेडले, तरी शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज 240 रुपयेच. वर्षाचे झाले 2,880. ताईंनी बैठकीत प्रश्न टाकला की, फेडलेल्या पैशावर व्याज कशाचं? मग आम्ही उरलेल्या मुद्दलावर हिशेब मांडला. पहिल्या महिन्यात 240, दुसऱ्या महिन्यात 220, असं उतरत शेवटी 20, आणि वर्षाचे एकूण 1,560. काही जणींचा विरोध होता, कारण व्याज ही गटाचीच कमाई आणि ती जवळजवळ निम्म्यावर येणार होती. ताईंचं म्हणणं असं होतं की, ही कमाई जिला सगळ्यात जास्त नड आहे तिच्याच पदरातून येते. दोन बैठका वाद चालला, मग ठराव झाला.

दुसरं काम त्याहून अवघड होतं. बँकेचं 3 लाखांचं कर्ज मंजूर झालं की दहा जणींत तीस-तीस हजार सारखे वाटायचे, हीच सगळीकडची रीत. त्यात भांडण होत नाही, पण जिला गरज नसते तिचे पैसे दीर-भाच्याकडे जातात आणि हप्त्याच्या दिवशी तिच्या हातात काही नसतं. थकबाकी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. ताईंनी कर्ज खात्यावर जमा होण्याआधीच प्रत्येकीकडून भर बैठकीत वदवून घेतलं: पैसे कशाला हवेत आणि कोणत्या महिन्यात फिरतील? दोघींनी काहीच घेतलं नाही. एकीने म्हशीसाठी 60,000 घेतले. तिचा हप्ता दुधाच्या महिन्यांत मोठा ठेवला आणि म्हैस भाकड असेल तेव्हा फक्त व्याज. बँक मात्र गटाकडून दरमहा पूर्ण हप्ता घेते, त्यामुळे मधली तूट गटाच्या बचतीतून भरावी लागते. म्हणून अशी सवलत एका वेळी एक-दोघींनाच देता येते. ताई हे सवलत देतानाच सांगतात, म्हणून पुढे कुणी रुसत नाही.

वहीबाबत त्या फार कडक आहेत. मागची शिल्लक, आजची जमा, दिलेलं कर्ज आणि पेटीतली रोकड बैठक संपायच्या आत मोठ्याने वाचायची, जुळलं नाही तर कुणी उठायचं नाही. दुसऱ्या गटांच्या वह्या तपासताना त्या आधी शाई बघतात. चार महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या दिसल्या तर त्या बैठका झाल्याच नाहीत, असं समजून त्या सभासदांची पासबुकं मागवतात.

आता आपल्याकडचं काम. एका बँक शाखेने कर्ज देताना ताईंच्या गटाच्या बचत खात्यातली रक्कम अडवली होती आणि वर मुदत ठेवही मागितली होती. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बचत गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही, बचत खात्यावर बोजा टाकायचा नाही आणि मंजुरीसाठी ठेवीची अट घालायची नाही. ताई त्या परिपत्रकाची प्रत घेऊन शाखेत गेल्या, लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यांच्या गटाची रक्कम मोकळी झाली. पण परिसरातल्या इतर गटांचे पैसे अजून अडकलेले आहेत. प्रत्येक अध्यक्षाने परिपत्रक घेऊन दारोदार फिरायचं का?

जिल्ह्यातल्या बँकांच्या आढावा बैठकीत हा विषय आपण घ्यावा आणि अशी अडवलेली खाती शाखानिहाय मागवावीत. आमच्याकडच्या गटांची यादी ताईंनी केली आहे. सभेत शाल-श्रीफळ झालं की ती आपल्या हातात देऊ. तेव्हा पाच मिनिटं त्यांना बोलू द्यावं, एवढी विनंती.

आपली,
ग्रामसंघाची लिपिका