गडाची वेळ म्हणजे फाटक बंद होण्याची वेळ नव्हे

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

विषय : डोंगरी किल्ल्यांच्या पर्यटक-माहितीतील वेळा, नियम आणि इतिहास.

दिवाळीनंतर सहलींचे दिवस सुरू होतात आणि आपल्या पुरवणीत गडकिल्ल्यांची माहिती येऊ लागते. ती छापताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, म्हणून हे पत्र.

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या सोसायटीतली सतरा माणसे ट्रॅव्हलर करून रायगडला गेलो. शनिवारी रात्री सोलापूरच्या ‘सात रस्ता’ चौकातून निघालो, पुण्यातून ताम्हिणीमार्गे उतरलो. वाटेत अंघोळी, नाश्ता उरकून पाचाडला पोचेपर्यंत साडेअकरा झाले. कोणी घाई केली नाही, कारण हातातल्या माहितीपत्रकात ‘गड पाहण्याची वेळ : सूर्योदय ते सूर्यास्त’ असे छापले होते. सहा तास आहेत, पुष्कळ झाले, असा सगळ्यांचा हिशेब.

हा हिशेब आम्हा सोलापूरकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. आपला किल्ला भुईकोट. नळदुर्गलाही गाडी दरवाजापर्यंत जाते. तिथे शिट्टी वाजली की दहा मिनिटांत माणूस बाहेर येतो, त्यामुळे बंद होण्याची वेळ आणि निघण्याची वेळ जवळजवळ एकच. रायगडावर मात्र चौदाशेहून अधिक पायऱ्या उतरून खाली यायचे असते. सूर्य मावळताना तुम्ही होळीच्या माळावर उभे असाल, तर पुढचा दीड तास अंधारात उतरायचे आहे.

आमचे तसेच झाले. बाराला चित् दरवाजापासून चढायला लागलो, मुले आणि पन्नाशीची माणसे बरोबर, महादरवाजात पोचायला सव्वादोन वाजले. हत्ती तलाव, गंगासागर करत वर आलो तेव्हा पावणेतीन. गुडघे दुखतात म्हणून आत्याला रोपवेने पाठवले होते. ती मेणा दरवाजाच्या अंगाला उतरली आणि तिथेच बसून राहिली. आम्ही तिला गंगासागरापाशी शोधत होतो. फोनला रेंज मिळेना. त्यात पाऊण तास गेला. शेवटी बाजारपेठेच्या मध्यावरून परत फिरलो. जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी समोर असून पाहता आली नाही. एवढ्या लांबून जाऊन समाधीवर डोके टेकले नाही, ही रुखरुख अजून गेलेली नाही. चित् दरवाजाशी आलो तेव्हा सव्वासहा, आठ वर्षांच्या मुलाला दोघांनी मोबाईलच्या उजेडात धरून उतरवले.

माहितीत उलटा हिशेब मांडून दिला असता तर हे टळले असते. नोव्हेंबरच्या अखेरीस रायगडावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो (सोलापूरला त्याहून दहा मिनिटे आधी). उतरायला दीड तास, म्हणजे साडेचारला महादरवाजातून खाली पाऊल पडले पाहिजे. वर राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी नीट पाहायला तीन तास, म्हणजे दीडला वर असले पाहिजे. कुटुंबासह चढायला सव्वादोन ते अडीच तास. म्हणजे उशिरात उशिरा अकराला पहिली पायरी, आणि शहाणपणाचे म्हणजे सकाळी आठ. जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातला मावळतो, पण तेव्हा पावसात पायऱ्या निसरड्या असतात. जुलै २०२४ मध्ये याच पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले आणि पर्यटक अडकले. तेव्हा ‘सूर्यास्त’ हा शब्द पुरेसा नाही. ‘शेवटची चढाई’ किती वाजता आणि ‘उतरायला सुरुवात’ किती वाजता, हे दोन आकडे महिन्याप्रमाणे हवेत. रोपवेची वेळ गडाच्या वेळेपेक्षा वेगळी असते, तिकीटही वेगळे. त्यातही शेवटचा पाळणा वर कधी जातो यापेक्षा खाली कधी येतो हे महत्त्वाचे. रोपवेने जाणारे आणि पायी जाणारे वेगवेगळ्या अंगांनी वर पोचतात, म्हणून भेटण्याची जागा नगारखाना, एवढी एक ओळ असती तर आमचा पाऊण तास वाचला असता.

नियमांचेही तसेच. ‘पुरातत्त्व नियम लागू’ असे लिहून कोणाला काय कळणार? आम्ही शेंगाचटणी, कडक भाकरीचे डबे वर नेले आणि वाड्यांच्या जोत्यावर उघडले. रखवालदाराने समजुतीच्या सुरात सांगितले की केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात, ठरवून दिलेली जागा सोडून, स्वयंपाक किंवा जेवण करता येत नाही. १९५९ पासून हा नियम आहे. आधी कळले असते तर पाचाडलाच जेवलो असतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, हेही तिकीट काढताना कळले.

दुसरी अडचण शब्दांची. माणूस जो शब्द घेऊन माहिती शोधतो, तो शब्द माहितीत असावा लागतो. ‘रायगड’ म्हटले की जिल्हाही येतो. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग, आणि गड तिथून कितीतरी दूर, महाड तालुक्यात. हिंदी वळणाने ‘रायगढ’ लिहिले तर छत्तीसगडमधले शहर येते. आमच्या चालकाने आधी अलिबागचाच रस्ता काढला होता. म्हणून पहिल्याच ओळीत ‘रायगड किल्ला, पायथ्याचे गाव पाचाड, तालुका महाड’ असे सलग लिहावे. जुने ‘रायरी’ हे नावही द्यावे, कारण बखरी वाचलेली माणसे त्याच नावाने शोधतात.

इतिहासही जागेला चिकटवून लिहिला तर लक्षात राहतो. ‘शिवरायांनी बांधलेला भव्य गड’ हे वाक्य अपुरे आहे. १६५६ मध्ये महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून रायरी घेतली. तिथे राजधानी उभी केली ती हिरोजी इंदुलकरांनी, आणि त्यांचे नाव जगदीश्वराच्या पायरीवर आहे : ‘सेवेचे ठायी तत्पर’. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, १७ जूनला जिजाऊंनी देह ठेवला. त्यांची समाधी पायथ्याला पाचाडमध्ये आहे, ती चढण्याआधी पाहता येते. वर गेल्यावर मुले हमखास विचारतात, ‘महाल कुठे गेले?’ मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या, त्या आगीत वाडे जळाले. म्हणून आज जोती दिसतात. हे आधी वाचलेले असेल तर त्या जोत्यांपुढे माणूस थांबतो.

राज्याभिषेक सोहळा तारखेने ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, असा वर्षातून दोनदा होतो. तिथी दरवर्षी सरकते. त्या दिवसांत प्रचंड गर्दी असते आणि गाड्या अलीकडेच थांबवतात. घरची म्हातारी माणसे घेऊन जाणाऱ्याला दोन्ही दिवस आधी कळले पाहिजेत.

पुरवणीत यंदा रायगड आला तर निदान एवढा मजकूर चौकटीत छापावा, ही विनंती :

‘रायगड किल्ला (रायरी), पाचाड, ता. महाड. हिवाळ्यात पायी चढाई सकाळी आठला सुरू करा, अकरानंतर नको. साडेचारला उतरायला लागा. रोपवेचा शेवटचा परतीचा पाळणा तिकीट काढतानाच विचारा. पायी आणि रोपवेने येणाऱ्यांनी नगारखान्यापाशी भेटावे. जेवण पायथ्याला. वर पोचल्यावर आधी जगदीश्वर आणि समाधी, मग बाकीचे.’

आपला नियमित वाचक,
जुळे सोलापूर