कुठले यमक राखायचे, कुठले सोडायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी कवितांच्या इंग्रजी अनुवादांवर आपल्या रविवार पुरवणीत पत्रे येत आहेत. कुणी म्हणतात, यमक गेले की कविताच गेली. कुणी म्हणतात, अर्थ आला ना, मग यमकाचे काय घेऊन बसलात? दोन्ही पक्षांनी यमक ही एकच वस्तू धरून चालवले आहे. मराठीत काही यमके व्याकरण फुकटात देते आणि काही कवीला कमवावी लागतात. इंग्रजी मासिकाला आठ ओळी पाठवायच्या असतील, तर अनुवादकाने आधी ही दोन खाती वेगळी करायला हवीत.

उदाहरणासाठी कुणाची कविता न वापरता या पत्रापुरत्या आठ ओळी जुळवल्या आहेत. घाट मोठ्या अभंगाचा आहे, म्हणजे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे.

माय उन्हातून
पाय अनवाणी
घागरीचे पाणी
लेकरास

बाभूळ बोलली
बस सावलीला
घाई पावलाला
घर दूर

आता यमकाचे शब्द प्रत्यय काढून वाचा. ‘सावलीला’ आणि ‘पावलाला’ यांतला ‘ला’ काढला की सावली आणि पाऊल उरते, आणि त्यांचे एकमेकांशी काही जुळत नाही. हे यमक चतुर्थीने दिलेले आहे. मराठीत विभक्ती शब्दाच्या शेवटी लागते, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ला, ने, त, ते, ली अशी यमके पायलीची पन्नास मिळतात. इंग्रजीत हे दुकानच नाही. तिथले ‘टू’, ‘इन’, ‘फ्रॉम’ शब्दाच्या आधी बसतात. ‘इंग’सारखा प्रत्यय शेवटी येतो खरा, पण त्यावर आघात नसतो, आणि इंग्रजी यमक आघाताच्या स्वरापासून मोजतात. म्हणून ‘वॉकिंग’ आणि ‘कॅरीइंग’ यांना तो कान यमक मानतच नाही. मराठीत जे बसल्या जागी मिळाले, त्यासाठी इंग्रजीत शब्दांची उलथापालथ करावी लागते.

‘अनवाणी’ आणि ‘पाणी’ मात्र प्रत्ययाशिवाय जुळतात. शिवाय या यमकाने एक काम केले आहे. पायात काही नसणे आणि डोक्यावर पाणी असणे या दोन गोष्टी त्याने समोरासमोर आणल्या. कडव्यात क्रियापद नाही, ‘बिचारी’ नाही, ‘तरीही’ नाही. ते सगळे यमकच बोलते. हे सोडले तर कविता हलकी होईल, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे इथे शंभर टक्के खरे आहे.

तर मग हे यमक इंग्रजीत राखायला निघालो की काय होते ते पाहू. इंग्रजी ओळी देवनागरीतच देतो. यमक कानाचे असल्याने लिपीने बिघडत नाही. अनवाणी म्हटले की ‘फीट’ आलेच, आणि ‘फीट’ला ‘हीट’ आयते मिळते. पाण्याला, म्हणजे ‘वॉटर’ला, चपखल यमक ‘डॉटर’. हात त्याच्याकडे गेला की कडवे असे होते:

अ मदर वॉक्स ऑन नेकेड फीट
अक्रॉस द क्रुएल नूनडे हीट,
अँड ऑन हर हेड अ पॉट ऑफ वॉटर
शी कॅरीज फॉर हर लिटल डॉटर.

वाचायला गोड आहे, आणि खोट या गोडव्यातच आहे. चार आघातांच्या जोडयमकी ओळी इंग्रजी कानाला बालगीताच्या वाटतात, त्यामुळे ऊन, अनवाणी पाय, पाणी हे सारे झोपाळ्यावर बसते. दुसरे असे की यमक आले, पण त्याने भलत्याच दोन गोष्टी जोडल्या. पाय आणि ऊन यांचा संबंध कुणालाही ठाऊक आहे, तापलेल्या रस्त्यावर पाय पोळणारच. अनवाणी आणि पाणी यांचा संबंध कवितेने घडवला होता, तो इथे कुठेच नाही. चौथा आखूड चरणही गेला. अभंगात तिथे श्वास थांबतो. इथे चारही ओळी एका मापाच्या झाल्या.

सर्वांत मोठी लबाडी कळायला एक साधी रीत आहे. ज्यांनी मूळ कविता पाहिलेली नाही अशा मराठी वाचकाला इंग्रजी द्यावे आणि मराठी गद्यात परत आणायला सांगावे. वरच्या कडव्याचे ते असे येईल: ‘एक आई उघड्या पावलांनी दुपारच्या निर्दय उन्हातून चालते आणि आपल्या छोट्या मुलीसाठी डोक्यावर पाण्याचे भांडे नेते.’ आता मुळात नसलेले शब्द पेन्सिलीने खोडा. दुपार, निर्दय, छोटी, डोक्यावर आणि मुलगी खोडली जाईल. पहिले चार ओळीचे माप भरायला आले. डोक्यावरची घागर मराठी वाचकाला सांगावी लागत नाही, म्हणून तो शब्द एक वेळ माफ करता येईल. ‘निर्दय’ हा मात्र अनुवादकाचा अभिप्राय आहे, कवितेने तो मुद्दाम दिला नव्हता. आणि मुलगी तर निव्वळ यमकाच्या पोटी जन्मली. ‘लेकरू’ नपुंसकलिंगी शब्द आहे. ते मुलगा की मुलगी हे माय जाणे. कवितेत एका माणसाची भर पडली की तो अनुवाद मागे घ्यावा, मग यमक कितीही नेटके असो.

म्हणून आधी बिनयमकाचा खर्डा करावा आणि त्यात फक्त दोन बंधने पाळावीत: मुळातले वजनदार शब्द ओळीच्या टोकाला किंवा तोंडाला राहिले पाहिजेत, आणि नवे नाम किंवा विशेषण येता कामा नये. तो खर्डा समोर ठेवून मग नादाचा शोध घ्यावा. या क्रमाने मला हे मिळाले:

मदर थ्रू द हीट
वॉकिंग बेअरफूट
वॉटर इन द पॉट
फॉर द चाइल्ड

‘वॉकिंग’ हे क्रियापद भर म्हणून आले, हे कबूल. ते नसते तर इंग्रजीत माय उन्हात नुसती उभी राहिली असती. ‘उन्हातून’मधल्या ‘तून’ने जी चाल दिली ती ‘थ्रू’ एकट्याने पुरती देत नाही. एवढे घेतल्यावर त्याने परतफेडही केली. ‘वॉकिंग’ आणि ‘वॉटर’ या लागोपाठच्या ओळी एकाच ‘वॉ’ने सुरू होतात. चालणे आणि पाणी यांची गाठ ओळीच्या शेपटाऐवजी डोक्याला बसली. मुळातही ‘माय’ आणि ‘पाय’ यांनी ओळींच्या तोंडाला जुळणी केली होती, तेव्हा ही जागा कवितेला परकी नाही. शेवटाला ‘फूट’ आणि ‘पॉट’ यांत स्वर वेगळा आणि ‘ट’ तोच, असे अर्धे यमक आहे. इंग्रजी कवितेत ते केव्हाच रुळले आहे आणि पूर्ण यमकासारखे टाळी मागत नाही.

‘घागर’ला ‘पॉट’ की ‘पिचर’, हा इथे खरा तोलण्याचा प्रश्न आहे. ‘पिचर’ म्हटले की बऱ्याच वाचकांना टेबलावरचा कान असलेला जग दिसतो. ‘पॉट’ म्हटले की कुंडीही दिसू शकते. दोन्ही सारखेच उणे. अशा ठिकाणी नादाला कौल द्यायला हरकत नाही, आणि ‘फूट’शी जुळते म्हणून ‘पॉट’ घेतला. अर्थाने समसमान असलेल्या दोन शब्दांत निवाडा करणे एवढाच यमकाचा अधिकार मला मान्य आहे.

‘ऊन’ला ‘सन’ न घेण्याचे कारण नागपूरकरांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हाचे ऊन आणि इंग्लंडात माणसे ज्याची वाट पाहत अंगणात खुर्च्या टाकतात ते ‘सन’, यांची जात वेगळी. ‘हीट’ने प्रकाश गेला, पण दाह राहिला. गंमत अशी की ‘हीट’चाही शेवट ‘ट’ने होतो, म्हणजे तीन ओळी जुळल्या आणि चौथी मोकळी राहिली. अभंगाचा घाट इंग्रजीत जाताना ग्रंथातल्या ओवीसारखा झाला! ‘माय’ मात्र हरवली. ‘मदर’मध्ये आपल्याकडची माय नाही आणि ‘मा’ लिहिले तर वाचक हिंदी समजतो. हे नुकसान सोसावे लागते.

दुसऱ्या कडव्यावर फार वेळ घालवायचे कारण नाही, कारण तिथले यमक ‘ला’चे आहे. सांभाळायचे आहे ते इतकेच की झाड बोलते आणि उत्तर बाई देत नाही, पाऊल देते.

“सिट,” द बाभूळ सेड,
“हिअर इन द शेड.”
फीट इन अ हरी,
होम फार ऑफ.

‘शेड’नंतर ‘शी नेव्हर स्टेड’ लिहायचा मोह प्रत्येकाला होईल. यमक पूर्ण, इंग्रजी सहज. पण ती थांबली नाही हे मुळात सांगितलेलेच नाही. पावलाला घाई होती, एवढेच सांगितले आहे. यमकाने निकाल जाहीर केला की कडवे तिथेच मिटते. ‘बाभूळ’ही तशीच ठेवावी. ‘अकेशिया’ म्हटले की आफ्रिकेचे माळरान उभे राहते, आणि बाभळीची सावली किती विरळ असते हे त्यातून कळत नाहीच.

याला अपवाद आहेत. उखाण्यात नावाला जुळवण्यासाठीच आधीची ओळ रचलेली असते. ताट चांदीचे की तांब्याचे याला अर्थ नसतो. तिथे यमक राखून वस्तू खुशाल बदलाव्यात. बडबडगीत आणि विडंबन यांनाही हाच न्याय.

मासिकाला पाठवताना अनुवादाखाली एक वाक्य जोडावे: मुळात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचे पूर्ण यमक आहे आणि चौथी ओळ आखूड आहे. तिकडच्या संपादकाला मराठी येत नसते. हे न सांगितल्यास आखूड ओळ चूक समजून वरच्या ओळीला जोडली जाते. आपल्या पुरवणीलाही एक विनंती आहे. अनुवाद छापाल तेव्हा मूळ ओळी शेजारच्या रकान्यात, चरण तोडून छापाव्यात, म्हणजे कुठले यमक कशासाठी सोडले हे वाचक स्वतः ताडून पाहू शकतील.

आपला,
एक नियमित वाचक
धरमपेठ, नागपूर