दोनशे अकरा नंबर म्हणजे किती मार्क?

सोलापूर, रविवार

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "वैदेहीला सहाशे अकरावरून चारशेव्या नंबरात यायला किती मार्क लागतील?" तेव्हा मी घाईत "पन्नासेक" म्हणून मोकळा झालो. ते चुकलं. काल सात रस्त्याजवळ तिच्या क्लासच्या फलकासमोर उन्हात उभं राहून नीटच्या सराव पेपरच्या अख्ख्या यादीचे फोटो काढले, आणि रात्री शेंगाचटणी-भाकरी खाऊन मोजत बसलो.

तिचे ७२० पैकी ४८२. आधी ४७२ ते ४९२ या एकवीस मार्कांत किती पोरं आहेत ते मोजलं. ८४ निघाली, म्हणजे मार्कामागे चार. २११ नंबर भागिले चार, त्रेपन्न मार्क. माझा पन्नासचा अंदाज असाच आला होता.

पण ही गर्दी तिच्या आसपासची. वर जावं तशी पोरं विरळ होतात, आणि पोरं विरळ झाली की तेवढ्याच मार्कांत कमी नंबर ओलांडले जातात. म्हणून वीस-वीस मार्कांच्या पायऱ्या धरल्या. ४८३ ते ५०२ मध्ये ७६ पोरं, त्यांना मागे टाकलं की नंबर ५३५. पुढच्या वीसात ५८, म्हणजे ४७७. त्यापुढच्यात फक्त ४४, म्हणजे ४३३. उरले ३३ नंबर, आणि तिथल्या वीस मार्कांत ३६ पोरं, म्हणून आणखी अठरा मार्क. एकूण अठ्ठ्याहत्तर. म्हणजे तिला ५६० च्या आसपास जावं लागेल.

पायरी किती रुंद घ्यावी यात गोम आहे. नुसत्या ४८२ वर सात जण अडकलेत, ४८३ वर एकच. एका मार्कावरून हिशोब केला तर सात म्हणावं की एक? ८४ जण मोजले की नुसत्या योगायोगाने साधारण नऊ इकडेतिकडे होतात, म्हणजे अकरा टक्के. दहाच जण मोजले तर तीन इकडेतिकडे, तीस टक्के. पायरी फार रुंद केली तर वरची विरळ आणि खालची दाट पोरं एकत्र येऊन भलताच आकडा निघतो. मी पायरीचे दोन अर्धे वेगळे मोजतो. फार फरक दिसला की पायरी लहान करतो.

आता हे मार्क आणायचे कुठून? बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला उणे एक, म्हणजे चुकलेला प्रश्न बरोबर आला की पाच वाढतात. सोळा चुका सुधारल्या की ऐंशी. तिच्या पेपरात चौतीस चुका आहेत, निम्म्या भौतिकशास्त्रात.

एक मात्र ध्यानात ठेव, हा हिशोब ह्याच पेपरचा आहे. पुढचा पेपर सोपा निघाला तर सगळेच वर सरकतील आणि ५६० ला चारशेवा नंबर मिळणार नाही. त्या यादीचे फोटोही पाठव, मी पुन्हा मोजतो.

वहिनींना नमस्कार. वैदेहीला पन्नास सांगितलं असशील, तर आजच दुरुस्त कर.

तुझा,
विनायक