टीव्ही आणि ऑफिसचा सर्व्हर एकाच पत्त्यावर

प्रिय सुहास,

व्हीपीएन जोडलेला दिसतो, ऑफिसचा मेलही येतो, पण 192.168.1.20 वरचा फाइल सर्व्हर उघडत नाही आणि त्याच पत्त्याला पिंग मात्र दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर देतं, असं तू लिहिलंस. सगळं त्या आकड्यातच आहे. व्हीपीएनच्या बोगद्यातून ऑफिसला जाऊन यायला इतका कमी वेळ सहसा पुरत नाही. उत्तर बहुधा तुझ्या हॉलमधला टीव्ही देतोय.

खात्री करायची तर टीव्हीचा प्लग काढ आणि मिनिटभराने पुन्हा पिंग कर. आता तुझ्या लॅपटॉपच्याच पत्त्यावरून `Destination host unreachable` आलं, तर लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधतोय. मग हे बघ:

```
ipconfig
route print -4
```

त्यात दिसेल की घरच्या राउटरने पत्त्यांचा 192.168.1.0/24 हा पट्टा धरलाय आणि ऑफिसातही तोच आहे. व्हीपीएन 192.168.0.0/16 एवढा मोठा पट्टा आपल्याकडे ओढतो, पण दोन वाटा असल्या की विंडोज अरुंद पट्ट्याची वाट धरतं. म्हणजे घरचीच.

ऑफिसचा पट्टा बदलणं तुझ्या हातात नाही, घरचा आहे. राउटरच्या पानावर लॅनचा पत्ता 192.168.87.1 कर, मास्क 255.255.255.0 ठेव आणि डीएचसीपीला 100 ते 199 दे. 10 ने सुरू होणारे पत्ते मोठ्या कंपन्या सर्रास वापरतात, म्हणून ते नकोत. 172.17 डॉकर घेतो, तेही टाळ. सेव्ह केल्यावर राउटरचं पान जुन्या पत्त्यावर उघडणार नाही. घाबरू नकोस, आता ते 192.168.87.1 वर आहे. घरातली सगळी उपकरणं एकदा बंद करून सुरू कर, नाहीतर काही जुनाच पत्ता धरून बसतील. ज्या कॅमेऱ्याला पत्ता हाताने घातलाय तो गायबच होईल. त्याला नवा द्यावा लागेल. फायबरवाल्याच्या डब्यामागे तू आपला वेगळा राउटर लावला असशील, तर दोघांचे पट्टे वेगळे हवेत आणि ऑफिसचा पट्टा दोघांवरही नको.

व्हीपीएन राउटरवरच टाकायचा विचार सोड. मुलांचे व्हिडिओही ऑफिसच्या लाइनवरून जाऊ शकतात आणि कंपनीला ते दिसू शकतं. त्यापेक्षा लॅपटॉप गेस्ट वायफायवर ठेव, म्हणजे घरची उपकरणं आणि तो एकमेकांना दिसणार नाहीत. पण मग वायफाय प्रिंटरही दिसणार नाही. तसाही, कंपनीने सगळी वाहतूक बोगद्यातून नेली असेल तर व्हीपीएन चालू असताना घरचा प्रिंटर बहुधा मिळतच नाही. ती सेटिंग त्यांच्याकडे असते, तू खटपट करू नकोस. यूएसबीची केबल लाव. तीही बंद केली असेल तर आयटीवाल्यांना विचार.

पट्टा बदलल्यावर पिंगला किती वेळ लागतो ते कळव. दोन-तीनच्या जागी वीस-तीस आला, तर सर्व्हर सापडला म्हणायचं.

तुझा,
अनिल