आत्या 'जन' नव्हे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आत्याचा फोन येऊन गेल्यावर बाबा रात्री नीट जेवले नाहीत, हे आईकडून कळलं. चूक माझी होती. काय झालं ते मीच सांगते.

आत्या म्हणाली, "तेहतीस पूर्ण होतील आता. लग्नासाठी आणखी किती थांबणार?" मी कामात होते, वैतागले होते. पटकन म्हणून गेले, "आत्या, ऐकावे जनाचे, करावे मनाचे." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. वास्तविक म्हण चुकीची नव्हती. पण या म्हणीत दोनच बाजू आहेत, एक जन आणि एक मन. मन मी माझ्याकडे ठेवलं, म्हणजे उरलेलं 'जन' आत्याच्या वाट्याला आलं. जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं तिला मी एका वाक्यात परकी करून टाकलं. तिला लागलं ते माझं नाही म्हणणं नव्हे, हे लागलं.

तेव्हापासून मोठ्यांसमोर म्हण तोंडात आली की मी आधी बघते, ती कुणावर बेतते आहे. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' म्हटलं की समोरच्याला काही कळत नाही असं होतं. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' तर सरळ टोमणाच. याउलट जी म्हण माझ्यावर किंवा माझ्या कामावर बेतते तिनं कुणी दुखावत नाही. मामा विचारतो, "नोकरी सोडून दोन वर्षं झाली, अनुवादात जम कधी बसणार?" त्याला मी म्हणते, "मामा, माझ्या कामात पी हळद नि हो गोरी असं होत नाही. अजून दोन वर्षं मी हेच करणार आहे." हीच म्हण "तुला सगळं पी हळद नि हो गोरी असं हवं असतं" अशी फिरवली असती, तर तो पुन्हा काही विचारायच्या फंदात पडला नसता, आणि मला ते नको आहे. त्याला माझी काळजी आहे.

दुसऱ्या दिवशी मीच आत्याला फोन केला. आधी माफी मागितली. तिनं विषय पुन्हा काढलाच. म्हणाली, "अगं, गाठी वर बांधलेल्या असतात, पण माणसानं हातपाय हलवायला नकोत का?" मी तिचीच म्हण धरली. म्हटलं, "आत्या, गाठ वर बांधलेली असेल तर ती आपण इथून ओढून लवकर येणार नाही. आणि तुला खरं सांगते, सध्या मला लग्न करायचं नाही. माझं मन बदललं तर आई-बाबांच्या पाठोपाठ तुलाच सांगेन." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगशील ना नक्की?"

मला वाटतं, म्हणीनंतरच्या त्या साध्या वाक्यानंच काम केलं. नुसती म्हण टाकली की समोरून दुसरी म्हण येते. आपण 'अति घाई संकटात नेई' म्हणावं, तर लगेच 'शुभस्य शीघ्रम्' तयार असतं. मग हे भेंड्यांसारखं चालूच राहतं आणि माझं नक्की म्हणणं काय ते कुणालाच कळत नाही. म्हणीमुळे बोलण्याची धार कमी होते, पण नकार मात्र स्वतःच्या शब्दांत द्यावा लागतो.

आता तुमच्याबद्दल. ज्यांना मला विचारायचा धीर होत नाही, ते लोक तुम्हाला विचारतात, आणि तुम्ही दोघं माझी बाजू मांडता मांडता ओशाळता. जी म्हण माझ्या तोंडी उद्धट वाटली, ती तुमच्या तोंडी अगदी शोभेल. बाबा, काकांना तुम्ही म्हणून बघा, "ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे आम्हीच तिला लहानपणापासून सांगत आलो. आता ती तशी वागते आहे तर अडवायचं कोणत्या तोंडानं?" यात कुणी 'जन' होत नाही, कारण बोलणं तुमच्या शिकवणीबद्दल आहे. फक्त तुम्हाला ते मनापासून वाटत असेल तरच म्हणा. वाटत नसेल तर आधी माझ्याशी बोला.

कुणी मला न विचारता स्थळाकडच्यांना भेटीची वेळच देऊन टाकली, तर मात्र म्हणी पुरणार नाहीत. तेव्हा "तिला विचारल्याशिवाय आम्ही होकार देणार नाही" एवढंच सांगा, आणि फोन माझ्याकडे द्या.

आत्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे. आई, तू तिच्याशी नेहमीसारखंच बोल, माझी सारवासारव करू नकोस. आमचं बोलणं झालं आहे.

तुमची,
ताई