दोन प्रकारचे आठवडे

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

शिमग्यापासून तुला ना पत्र, ना फोन. तुझे दोन मिस्ड कॉल मी पाहिले आणि उद्या करतो म्हणून ठेवून दिले. घाल शिव्या, मग पुढे वाच. मी बरा आहे, शुगर काठावर. आईचे गुडघे होते तसेच.

बातमी अशी की मी बँकवाल्यांच्या त्या परीक्षेचा, जेएआयआयबीचा फॉर्म भरलाय. हसून झालं का? आता त्याच्या पुढची ऐक. मी टाइमटेबल केलंय. पट्टी लावून, रेघा मारून, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. शुभांगीला यात विशेष काही वाटलं नाही. होस्टेलच्या भिंतीवरचं तुझं सहा स्केचपेनांचं टाइमटेबल माझ्यासमोर फाटलं होतं, हे तिला कुठे ठाऊक? आणि एकदा शेवटचं सांगतो, फाडलं गोखल्यानं. मी फक्त एक टोक धरलं होतं.

तू परीक्षा दिलीस तेव्हा तीन पेपर होते. 2023 पासून चार झालेत. भारतीय अर्थव्यवस्थेचा एक पेपर नवा आला, बँकिंगची तत्त्वं आणि व्यवहार असलेलं आपलं जुनं पीपीबी आहे, अकाउंटिंगचं एएफएम आहे आणि चौथा रिटेल बँकिंग व वेल्थ मॅनेजमेंट. प्रत्येकात चार मोड्यूल, म्हणजे सोळा. पेपर दोन तासांचा, शंभर प्रश्न, चुकीला मार्क कापत नाहीत. तुझ्यासारखा कॉमर्सवाला झोपेत काढेल. मी बॉटनीवाला. डेबिट-क्रेडिट मला बँकेच्या स्क्रीनवर कळतं, कागदावर खात्याचा ‘टी’ काढला की माझी पाटी कोरी.

काळजी एकच आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. या वेळी चारही पेपर धरायचे, की एएफएम सोडून तीनच नीट करायचे? पास झालेल्या पेपरचं क्रेडिट ठराविक मुदतीपर्यंत टिकतं, त्यामुळे तीन काढून एक मागे ठेवण्यात नुकसान दिसत नाही. पण तुझ्या वेळची ती सवलत आठवते ना? प्रत्येक पेपरात पन्नास नसले तरी, एकाच प्रयत्नात सगळ्या पेपरांत किमान पंचेचाळीस आणि सरासरी पन्नास टक्के असतील तर पास. एक पेपर सोडला की ही सवलत हातची जाते. पीपीबीत मला पासष्ट पडू शकतात. ते जास्तीचे पंधरा एएफएमच्या सत्तेचाळीसला टेकू देतील, पण चारही पेपर एकत्र दिले तरच.

मग प्रश्न उरला तासांचा, आणि टाइमटेबल त्यातनं निघालं. तुझं कसं असायचं? सात ते अकरा अभ्यास, मधे पंधरा मिनिटं चहा. त्या चहाचे पैसे कोण देत होतं ते आज काढत नाही. मी उलट्या बाजूनं गेलो. आधी कोणते तास माझे नाहीत ते खोडत गेलो.

पहिलं लक्षात आलं की बँकवाल्याचा आठवडा एकसारखा नसतोच. 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, बाकीचे पूर्ण दिवसाचे. म्हणजे माझे आठवडे दोन प्रकारचे, आणि टाइमटेबल पंधरवड्याचं हवं. एकाच छापाचं केलं तर दर दुसऱ्या आठवड्याला ते मोडणार आणि आपण उगाच स्वतःला आळशी ठरवणार. त्यातही ज्या महिन्यात पाच शनिवार येतात तिथे पाचवा आणि पुढच्या महिन्याचा पहिला असे लागोपाठ दोन कामाचे पडतात. ते कॅलेंडरवर आधीच लाल केले.

दुसरं, सोमवार. ब्रँच तासगावला, एसटीनं जाऊन येऊन. सुट्टीच्या शनिवारनंतरचा सोमवार म्हणजे बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे चेक, साचलेली कॅश आणि आमच्या पासबुक प्रिंटरची समाधी. त्या रात्री पुस्तक उघडलं तरी डोळे मिटतात. म्हणून सोमवारी काहीच नाही. शुक्रवारची रात्रही सोडली, कारण शुभांगी आणि चिमणीशी मी आठवड्यातनं एकदा तरी माणसासारखं बोलावं असा ठराव झालाय.

उरलं ते असं. मंगळवार ते शुक्रवार सकाळी सहा ते पावणेसात. मंगळ, बुध, गुरु रात्री साडेनऊ ते साडेदहा. रविवारी सकाळी तीन तास. झाले नऊ. सुट्टीचा शनिवार असेल तर त्या सकाळचे तीन मिळवून बारा. पंधरवड्याचे एकवीस. चौदा आठवड्यांचे एकशे सत्तेचाळीस होतात, पण त्यातनं गणपतीचा आठवडा गेला (तासगावचा रथोत्सव असताना अभ्यास कोण करतो?) आणि सप्टेंबरअखेरचा क्वार्टर एंड गेला. सव्वाशे धरले.

आता खर्चाची बाजू. सोळा मोड्यूल पाच-पाच तासांनी ऐंशी. प्रत्येक पेपरच्या दोन सराव परीक्षा, दोन तास सोडवायला आणि दीड तास चुका बघायला, म्हणजे अठ्ठावीस. शिल्लक सतरा. या सतरापैकी बारा म्हणजे रविवारचा तिसरा तास, जो मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. बुधवारी ऑडिटर बसला आणि रात्रीचा तास बुडाला, तर तो गुरुवारच्या डोक्यावर टाकायचा नाही. तो रविवारच्या रिकाम्या तासात जातो. तिथेही मावला नाही तर सोडून द्यायचा. कारण गुरुवारी दोन तास बसायचं ठरवलं की गुरुवारही बुडतो, मग शुक्रवारी तीन होतात, आणि हा एनपीए वसूल होत नाही हे तुला मी सांगायला नको.

सकाळ आणि रात्र यांत काय घालायचं, इथे मात्र मला खरी मजा आली. बाँडच्या किमतीचं एक साधं गणित आहे. दर्शनी किंमत 1000, व्याज 8 टक्के, मुदत तीन वर्षं, बाजारातला परतावा 10 टक्के. पहिल्या वर्षाचे 80 भागिले 1.1, म्हणजे 72.73. दुसऱ्याचे 80 भागिले 1.21, म्हणजे 66.12. तिसऱ्याचे 1080 भागिले 1.331, म्हणजे 811.42. बेरीज साधारण 950. रात्री याच गणिताशी मी अर्धा तास झटापट करतो आणि मधेच 1000 मिळवायचे विसरतो. सकाळी दहा मिनिटांत सुटतं, शिवाय उत्तर हजाराच्या खाली का यायला हवं तेही दिसतं. बाजारात दहा मिळत असताना आठवाल्याला पूर्ण हजार कोण देईल? तेव्हा एएफएमची गणितं फक्त सकाळी, आणि रात्री नुसतं वाचायचं: अर्थव्यवस्था, रिटेल, पीपीबी.

रात्रीचं वाचन खरं की खोटं, हे सकाळी कळतं. उठल्यावर पहिली पाच मिनिटं पुस्तक न उघडता कालचे मुद्दे कागदावर लिहायचे. चार-पाच ओळी आल्या तर रात्र कामी आली. दोन सकाळी लागोपाठ कोऱ्या गेल्या तर वेळ वाढवायची नाही, रात्रीचा मजकूर बदलायचा. अर्थव्यवस्थेचं पहिलं मोड्यूल माझं असंच कोरं जायला लागलं. ते शनिवारच्या सकाळी हलवलं आणि रात्री रिटेल आणलं. एसटीत मी वाचत नाही, चक्कर येते. कालच्या कागदावरचे मुद्दे मनात म्हणतो, तेवढंच.

सगळ्यात लबाड पेपर पीपीबी. केवायसी, चेक, नॉमिनेशन, सगळं रोजचं, म्हणून हात आपोआप त्याच पुस्तकाकडे जातो आणि तासभर अभ्यास झाल्यासारखा वाटतो. पण ब्रँचमध्ये आपल्याला मेनू ठाऊक असतो, पेपरात कलम विचारतात. चेक परत आल्याचं 138 सगळ्यांना पाठ असतं. पैसे देणाऱ्या बँकेचं संरक्षण 85 मध्ये आणि वसूल करणाऱ्या बँकेचं 131 मध्ये, इथे आमचे वीस-वीस वर्षांचे अनुभवी गडबडतात. म्हणून पीपीबीला रात्रींपैकी फक्त गुरुवार दिला, आणि तोही आधी प्रश्न सोडवून. चुकेल तेवढंच पुस्तकात बघायचं.

सुट्टीच्या शनिवारांवर एक संकट आहे. वरून कसली कसली मोहीम येते आणि ‘लॉगिन डे’च्या नावाखाली ब्रँच उघडायला लागते. तेव्हा बाराचे नऊ होतात. याला इलाज नाही. तो आठवडा मी दुसऱ्या रंगानं खोडतो आणि त्या पंधरवड्याच्या यादीतनं एक मोड्यूल खाली ढकलतो. हो, रंगानं. तुझा आत्मा थंड झाला असेल.

तर एएफएमचं असं ठरवलंय. सोडायचं नाही, पण गणपतीच्या आधीच्या रविवारी त्याची एक पूर्ण सराव परीक्षा, घड्याळ लावून, साध्या कॅल्क्युलेटरवर. चाळीसच्या वर आले तर सकाळ त्याचीच राहील, कारण चाळीसवरून पंचेचाळीसला जायला पुढचे आठवडे पुरतील. चाळीसच्या आत राहिलो तर सकाळचे तास उरलेल्या तिघांना. मग एएफएमला नुसतं जाऊन बसायचं आणि शंभरच्या शंभर प्रश्नांना टिक करून यायचं. शुभांगी म्हणते, निर्णय आत्ताच घे. तू काय म्हणतोस? चाळीसची रेघ बरोबर आहे, की मी स्वतःला पळवाट ठेवतोय? तुला माझ्या पळवाटा ठाऊक आहेत. स्टॅटिस्टिक्सच्या पेपराला मला ताप आला होता तो खरा होता, तरी तू मानत नाहीस.

इन्क्रिमेंटसाठी करतोयस का, असं विचारशील. आहेच की. शिवाय आमच्या नव्या मॅनेजर बाई माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहेत, पुढची परीक्षा सीएआयआयबीपण झालेल्या, आणि मला ‘सर’ म्हणतात. ते ‘सर’ फार टोचतं रे.

तुझ्या नागपूरच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं विन्यानं सांगितलं, डोळा कसा आहे? वहिनींच्या शाळेचं काय झालं? सगळं सविस्तर लिही. मी एका ओळीत विचारतोय म्हणून एका ओळीत उत्तर देऊ नकोस.

आणि तुझ्याकडे एएफएमच्या जुन्या वह्या असतील तर पाठव. अभ्यासक्रम बदललाय, पण डेप्रिसिएशन आणि बँक रिकन्सिलिएशन तेच आहे. कुरिअर ब्रँचवर नको, घरी पाठव. ब्रँचमध्ये आलं की सगळे मिळून उघडतात.

तुझा,
पक्या

ता. क. रविवारी फोन करणार असशील तर साडेबारानंतर. सोमवारी रात्री कधीही कर, सोमवार रिकामा आहे.